बांबूला बांबू घासून वणवा लागतो म्हणे!

दीर्घोत्तरी
मेन्सची तयारी चालू आहे. प्रश्न आहे वणव्यांची नैसर्गिक आणि मानवी कारणं, परिसंस्थेतली भूमिका आणि व्यवस्थापन, भारताच्या संदर्भात. माझं उत्तर थोडक्यात: "वीज पडणे, बांबूंचे घर्षण, दगडांच्या ठिणग्या ही नैसर्गिक कारणे. आदिवासींचे अज्ञान हे मानवी कारण. वणव्यामुळे जैवविविधता नष्ट होते. उपाय: जनजागृती, ड्रोन, कडक कायदे." दहापैकी किती द्याल?

रिटायर_गार्ड
दोन. ते पण अक्षर चांगलं असेल म्हणून.

अहो ३१ वर्षं चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलात काढली, त्यातली निम्मी बांबूच्या बीटमध्ये. वाऱ्यात बांबू घासतात, रात्रभर कर्रकर्र आवाज येतो, नवीन पोरगा घाबरून उठून बसतो, पण त्यातून धूर निघालेला मी काही पाहिला नाही. काडीवर काडी घासून आग पाडणाऱ्याला विचारा, लाकूड किती कोरडं लागतं, एकाच जागी किती दाब द्यावा लागतो. वारा एका जागी घासत नाही हो. आणि वीज? आपल्याकडे ती बहुतेक वेळा अवकाळी पावसाबरोबर येते. एखादं वाळकं झाड धुमसतं, नाही म्हणत नाही, पण दरवर्षी होळीच्या आसपास एवढं जंगल जळतं ते विजेने नाही.

एक उदाहरण सांगतो. मार्च संपत आलेला. मोहफुलं पहाटे पडतात आणि सागाच्या वाळक्या पानात पडली की वेचायला सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा लोक आदल्या संध्याकाळी झाडून पेटवतात. तसाच एकाने पेटवला. पानं अर्ध्या तासात विझली, पण शेजारी वाळवीने पोकळ केलेला एक खुंट होता, तो आतून रात्रभर धुमसत राहिला. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास वारा सुटला आणि खुंटातला निखारा उडाला. सॅटेलाइट दुपारी दीडच्या आसपास वरून जातो, मेसेज आमच्या मोबाईलवर आला तेव्हा चार वाजत आले होते. त्यात जागा पण अंदाजे कळते, एक ठिपका म्हणजे पावणेचारशे मीटरचा चौकोन, बाकी धूर बघत जायचं. पाच माणसं आणि दोन ब्लोअर. पुढचा ब्लोअर जळत्या कडेचा पाचोळा जळलेल्या बाजूला ढकलतो, मागचा राहिलेलं साफ करतो, त्याच्या मागे दोघं हिरव्या फांद्यांनी झोडपत, आणि एक माणूस नुसता मागे वळून बघायला, कारण आग मागून परत येते. उन्हात काहीच जमलं नाही. रात्री वारा पडला तेव्हा कुठे अकराला आटोक्यात आली. चाळीसेक हेक्टर गेलं.

सकाळी खोडं बघितली. वाऱ्याबरोबर पळणारी आग खोडाच्या आडोशाच्या बाजूला उंच काळं करून जाते, त्यावरून ती कुठून आली ते मागे मागे शोधत जाता येतं. शोधत गेलो तर त्याच मोहाखाली, गोल जळलेली जागा आणि तो खुंट. माणूस पण सापडला. अज्ञान कसलं, मला म्हणाला, साहेब विझवून गेलो होतो. खोटं नव्हता बोलत.

पानगळ
"माणूस सापडला" म्हणजे केस टाकली ना त्याच्यावर? तुमच्या खात्याला नेहमी मोह वेचणाराच सापडतो. तेंदूसाठी जे जाळतात त्याचं काय? तेंदूची झुडपं जाळली की कोवळी मऊ पानं भराभर फुटतात आणि त्यात मोठे व्यापारी असतात, त्यांच्यावर कधी केस ऐकली नाही. मी दोन वर्षं गावांमध्ये राहून काम केलंय. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले तिथे लोक स्वतः रात्री जाऊन आगी विझवतात, कारण पानाचा पैसा आता त्यांचा आहे.

रिटायर_गार्ड
केस नाही टाकली. समज देऊन सोडला, वरून बोलणी मी खाल्ली. तेंदूचं तुमचं बरोबर आहे, मान्य. जाळायची गरजच नाही, फेब्रुवारीत झुडूप जमिनीलगत कापलं तरी तसंच पान येतं, पण कापायला मजुरी लागते आणि काडीपेटी स्वस्त. पण हक्क मिळालेल्या गावात आग लागतच नाही असं कोणी सांगू नका मला, दोन गावांच्या शिवेवर काय चालतं ते मी पाहिलंय.

पानगळ
लागतच नाही असं मी म्हटलं कुठे? नीट वाचत चला.

काजूवाला
तुम्ही जंगलाचं काय घेऊन बसलात, माझी काजूची दीडशे कलमं गेली त्याचं बोला. शेजारच्याने राब भाजायला घेतला, दुपारी बाराला, कोकणात मार्चमध्ये दुपारी कसला वारा असतो तो इथे कोणाला माहीतच नसेल. बांध ओलांडून आग डोंगरावरच्या गवतात गेली आणि तिथून माझ्या बागेत. आठ वर्षांची झाडं. पंचनामा झाला, फॉर्म भरले, एका ऑफिसात सांगितलं हे वनक्षेत्र नाही, दुसऱ्यात सांगितलं आग नैसर्गिक आपत्तीत बसत नाही. तीन वर्षं झाली. शेजारी अजून राब भाजतो आणि आम्ही गणपतीला एकमेकांकडे जातो पण.

दीर्घोत्तरी
सर, राब हा स्थलांतरित शेतीत येतो का?

काजूवाला
अरे बाळा, माझी बाग जळली आणि तुला मुद्दा पाहिजे? नाही येत. शेत तिथेच असतं, त्यात कवळं, शेण, पालापाचोळा पसरून भाजतात आणि त्या राखेत भाताची रोपं करतात.

बे_एरिया_बापू
सगळे आग म्हणजे राक्षस असल्यासारखं बोलताय. इथे कॅलिफोर्नियात नेमकी हीच चूक झाली. शंभर वर्षं प्रत्येक आग विझवली, १९३५ नंतर तर नियमच होता की दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. त्यामुळे खाली सरपण साठत गेलं आणि आता लागते ती शेंड्यापर्यंत जाते. सिकोयाची बोंडं तर आगीच्या धगीने उघडून बी सांडतात. भारतात पण आपणहून जाळायला पाहिजे. सागाच्या बीला पण भाजल्याशिवाय कोंब येत नाही असं ऐकलंय.

रिटायर_गार्ड
ऐकलंय! नर्सरीत सागाची फळं आम्ही दिवसा उन्हात वाळवत आणि रात्री भिजवत असू, आलटून पालटून, तरी रुजतात. भाजायला कोणी नेत नव्हतं. साग आगीत टिकतो, रोपटं वरून जळालं तरी मुळातून परत फुटतो, हे खरं. पण आग हवी असणं वेगळं आणि आग सोसणं वेगळं.

आणि आपलं सरपण तुमच्यासारखं शंभर वर्षं साठत नाही, दर फेब्रुवारीत पान गळतं आणि पावसाळ्यात वाळवी-बुरशी बरंच संपवते. आपली आग जमिनीवरून चालते, गुडघाभर, कमरेभर. तिने मोठं झाड सहसा मरत नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटतं काही झालं नाही. तीन-चार वर्षं सलग जळलेल्या तुकड्यात फिरा मग, वर झाडं आहेत आणि खाली मनगटाएवढ्या जाडीचं एक रोपटं नाही. आजोबा आहेत, नातू नाहीत. रातव्याची, टिटवीची अंडी उघड्यावर असतात, ती जातात ते वेगळंच.

बे_एरिया_बापू
म्हणजे आग कधीच चांगली नाही? मग तुमचं खातं स्वतः जाळतं ते काय?

रिटायर_गार्ड
ते जाळरेषेचं. गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि हंगाम तापायच्या आत, सकाळी दव असताना, वारा बघून, दोन्ही कडांना माणसं उभी करून तेवढाच पट्टा जाळायचा. आपला हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू, त्याआधी उरकलं पाहिजे. पण गोम अशी की जाळरेषा जाळून फोटो काढले की काम झालं समजतात. सागाचं पान त्यानंतर गळत राहतं आणि मार्चमध्ये तोच पट्टा परत पानांनी भरतो. मग आग त्याच्यावरून पूल असल्यासारखी चालत जाते. तीन-चारदा झाडावा लागतो आणि मजुरीचा पैसा एकदाचाच येतो.

आणि गवताळ माळ असेल तर कधीमधी जळालेलं चालतंय, हिरवा कोंब आला की चितळं येतात, हे मी पाहिलंय. घ्या, अर्धा मार्क तुम्हाला.

बे_एरिया_बापू
अर्ध्या मार्काबद्दल शतशः आभार, भिंतीवर फ्रेम करून लावतो.

मेळघाटी
बांबूवर परत येतो. गार्डसाहेब, तुम्ही नाही पाहिलं म्हणजे होत नाही असं नाही. माझ्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंय, बेटातून फटाफट आवाज आला आणि आग दिसली. आजोबा खोटं बोलत होते का?

रिटायर_गार्ड
आजोबांनी आवाज ऐकला तो खरा. बांबूच्या पेरात हवा कोंडलेली असते, आग लागली की पेर फुटतं, फटाक्यासारखं. म्हणजे आग आधी, आवाज नंतर. आजोबांना उलटं वाटलं असेल.

मेळघाटी
हे तुमचं अनुमान झालं. तुम्ही होता का तिथे?

पानगळ
मी गार्डसाहेबांच्या बाजूने बोलेन असं वाटलं नव्हतं. पण बांबू, वीज आणि दगड पहिल्या तीन नंबरावर लिहिले की माणूस आपोआप चौथ्या नंबरावर जातो आणि मग कोणाचीच जबाबदारी उरत नाही. सोयीचं कारण आहे ते.

मेळघाटी
आणि तुम्हा शहरवाल्यांना आमच्या म्हाताऱ्यांचं सगळंच अडाणी वाटतं.

पानगळ
मी पांढरकवड्याची आहे हो! शहरवाली काहून?

रिटायर_गार्ड
बरं, अशक्य आहे असं मी लिहीत नाही. एकदा फुलोरा येऊन बेटंच्या बेटं वाळतात, तेव्हा कुठे काय होईल मी शपथ घेऊन सांगणार नाही. पण तेव्हाही खाली बघा कोणाची बिडी पडलीय का.

काजूवाला
माझ्या कलमांचं कोणी बोलेल का?

सॅटेलाइटवाला
त्या दुपारच्या ठिपक्यावर फार भरवसा ठेवू नका. चंद्रपूरकडे खाणी आणि कारखान्यांची धग पण ठिपका म्हणून उमटते. जंगलाच्या नकाशाबाहेरचे ठिपके गाळतात, पण कडेचे राहतात. उलट सकाळी लागून बाराला विझलेली छोटी आग दिसतच नाही. त्यामुळे "यंदा आगी इतक्या टक्क्यांनी कमी" अशी बातमी आली की मी ढगाळ दुपारी किती होत्या ते आधी बघतो.

दीर्घोत्तरी
सगळ्यांचे आभार. उत्तर बदललं. मोह, तेंदू, राब वर घेतले, वीज खाली, "अज्ञान" काढलं, पोकळ खुंटाचं उदाहरण टाकलं, जाळरेषा मार्चमध्ये परत झाडण्याचं पण लिहिलं. बांबू पूर्ण काढला. क्लासमध्ये दाखवलं. सरांनी लाल पेनने बांबू परत घातला, पहिल्या नंबरावर, आणि खुंटापुढे लिहिलंय "विषयाला सोडून".

रिटायर_गार्ड
सरांना एप्रिलमध्ये पाठवा इकडे. ब्लोअर आहे एक शिल्लक.