शब्दचर्चा: ‘स्टेबल’ क्रमवारीला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: नववीच्या मुलांना पायथन शिकवते. परवाचा धडा होता, वर्गाची यादी गुणांप्रमाणे लावायची आणि गुण सारखे असतील तिथे नावाप्रमाणे. फळ्यावर मी ‘स्थिर क्रमवारी’ असं लिहिलं. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “बाई, मग आधीची हलत होती का?” मला नीट उत्तर देता आलं नाही. ‘स्थिर’ हा शब्द इथे बरोबर आहे का? आणि `key` ला काय म्हणता? मी ‘किल्ली’ म्हटलं, तर मुलं कुलूप शोधायला लागली.

सदाफुली: स्थिर बरोबरच आहे की. प्रोग्रॅम कितीही वेळा चालवा, यादी तीच येते, ती डळमळत नाही. म्हणून स्थिर.

ओसरी: सदाफुली, यादी दरवेळी तीच येते हे खरं, पण शब्दाचा अर्थ तो नाही. जी रीत स्टेबल नाही, तीसुद्धा त्याच यादीवर दरवेळी तेच उत्तर देऊ शकते. प्रश्न फक्त बरोबरीत असलेल्यांचा आहे. समजा पट असा आहे:

```python
pat = [("सायली", 82), ("अमोल", 91),
       ("गणेश", 82), ("इरफान", 91),
       ("मेरी", 76)]
sorted(pat, key=lambda v: v[1], reverse=True)
```

इथे पायथनला फक्त गुण बघायला सांगितलंय. सायली आणि गणेश दोघांनाही 82, त्यामुळे गुणांच्या दृष्टीने त्यांच्यात डावं-उजवं काहीच नाही. मग आधी कोण? पटावर सायली आधी होती, म्हणून निकालातही सायलीच आधी येते. ज्यांच्यात फरक करायला कारण नाही, त्यांचा आधीचा क्रम मोडायचा नाही, एवढाच ‘स्टेबल’चा अर्थ. तुमच्या विद्यार्थ्याला सांगा, रांग हलते, पण बरोबरीचे लोक एकमेकांना ओलांडत नाहीत.

अडकित्ता: म्हणजे ‘स्थिर’ चुकीचाच. स्थिर म्हणजे न हलणारं, आणि इथे तर सगळी यादी हलते. ‘क्रम राखणारी’ म्हणा. मराठीत आपण मान राखतो, शब्द राखतो, तसा क्रमही राखतो. आणि `key` ला ‘निकष’. कशावर पारखायचं, ते सांगणारा तो निकष. किल्लीचा इथे काही संबंध नाही. हे ‘नावाप्रमाणे’सुद्धा खटकतं, आपल्याकडे ‘अकारविल्हे’ असा नेमका शब्द असताना तो का वापरू नये?

पाटीपेन्सिल: ‘निकष’ फार आवडला! ‘अकारविल्हे’ मात्र माझ्या मुलांनी कधी ऐकलेला नाही. त्यांना आधी तोच शिकवावा लागेल.

अडकित्ता: शिकवा की.

खर्डेघाशी: मी एका शाळेच्या कार्यालयात असते. माझा अनुभव सांगते, शब्दांचं मला फारसं कळत नाही. गुणांची फाइल कोणीतरी वाचून उतरत्या क्रमाने लावून दिली होती. यादी छापली, तर पहिल्या क्रमांकावर गैरहजर मुलगा! त्याच्या रकान्यात ‘गै.ह.’ लिहिलेलं होतं. त्याच्याखाली 91, मग 9 गुणांचा मुलगा, मग 82 आणि सगळ्यात शेवटी 100 वाली मुलगी. तिची आई विचारायला आली होती. ही क्रमवारी स्थिर नव्हती म्हणून असं झालं का?

ओसरी: नाही, त्यात स्टेबलचा दोष नाही. फाइलमधून वाचलेले गुण आकडे नव्हते, अक्षरांच्या ओळी होत्या. अशा ओळींची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. `"100"` ची सुरुवात 1 ने, `"82"` ची 8 ने, म्हणून उतरत्या क्रमात शंभर खाली गेले. आणि ‘ग’ हे अक्षर संगणकाच्या हिशोबात 9 च्याही पुढे येतं, म्हणून गैरहजर मुलगा सगळ्यांच्या वर. वाचतानाच `int()` करून घ्यायचं आणि ‘गै.ह.’ दिसलं की तिथे -1 ठेवायचा. छापताना तेवढा -1 परत ‘गै.ह.’ करायचा.

खर्डेघाशी: आणि बरोबरीच्या दोघांना एकच क्रमांक द्यायचा असतो, ते?

ओसरी: ते क्रमवारीचं काम नाही. यादी लावून झाल्यावर वरून खाली जाताना, मागच्याएवढेच गुण असतील तर मागचाच क्रमांक द्यायचा.

सदाफुली: पण बाईंना तर गुण सारखे असतील तिथे नाव हवं होतं. त्यासाठी मी एवढंच करते:

```python
sorted(pat, key=lambda v: (v[1], v[0]), reverse=True)
```

निकषात दोन गोष्टी, काम झालं.

ओसरी: चालवून बघितलंत? यात इरफान अमोलच्या आधी येतो आणि सायली गणेशच्या आधी. `reverse=True` ने गुणांबरोबर नावंही उलटली. गुण तेवढे उलटायचे असतील तर त्यांनाच उणे चिन्ह लावायचं:

```python
sorted(pat, key=lambda v: (-v[1], v[0]))
```

आता अमोल, इरफान, गणेश, सायली, मेरी असं येतं.

सदाफुली: खरंच की! माझ्या यादीत बरोबरीचे कोणी नव्हते, म्हणून कधी लक्षातच आलं नाही.

पाटीपेन्सिल: मग हे असं एका ओळीत होत असेल, तर क्रम राखण्याचा उपयोग कुठे? मुलं विचारणारच.

ओसरी: उणे चिन्ह आकड्याला लागतं, नावाला नाही. समजा गुण चढते हवेत आणि नावं उलटी, तर `-v[0]` लिहिल्यावर हे येतं:

```
TypeError: bad operand type for unary -: 'str'
```

तिथे दोन फेऱ्या कराव्या लागतात. तुमच्याच उदाहरणावर दाखवतो, म्हणजे ताडून बघता येईल. गौण निकष आधी, मुख्य निकष नंतर:

```python
pat.sort(key=lambda v: v[0])
pat.sort(key=lambda v: v[1], reverse=True)
```

पहिल्या फेरीनंतर अमोल, इरफान, गणेश, मेरी, सायली. दुसऱ्या फेरीत पायथन नावांकडे बघतही नाही. तरी 91 वाल्यांत अमोल आधी आणि 82 वाल्यांत गणेश आधी राहतो, कारण पहिल्या फेरीत लागलेला क्रम दुसरीने राखला. तो राखला जाईल याची हमी नसती, तर पहिली फेरी वाया गेली असती. मुलांना पत्त्यांवर करून दाखवा. नावं-गुण लिहिलेले पाच पत्ते आधी नावाने लावायचे, मग एकेक उचलून गुणांच्या ढिगात टाकायचा आणि प्रत्येक ढिगात नवा पत्ता जुन्याच्या खाली सरकवायचा. वर ठेवला तर क्रम मोडतो.

एक सावधगिरी. दुसऱ्या फेरीत `reverse=True` न लिहिता चढत्या क्रमाने लावून मग `pat.reverse()` केलं, तर सगळी यादीच उलटते आणि इरफान परत अमोलच्या आधी येतो. `reverse=True` बरोबरीच्यांना हात लावत नाही.

अडकित्ता: पायथनमध्ये हे पहिल्यापासून असं आहे का?

ओसरी: हल्लीची पद्धत टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये लिहिली, तिचं नाव टिमसॉर्ट. यादीत आधीच लागलेले तुकडे ती शोधते आणि जोडत जाते. जोडताना बरोबरी दिसली की डावीकडच्या तुकड्यातला आधी उचलायचा, क्रम राखण्याचं मर्म एवढंच.

पाटीपेन्सिल: पत्ते उद्याच करते. फळ्यावर ‘क्रम राखणारी’ आणि ‘निकष’ लिहीन. पण पुढच्या महिन्यात डिक्शनरी शिकवायची आहे, तिथेही `key` आहे. तिथे ‘निकष’ चालणार नाही.

अडकित्ता: तिथे ‘खूण’? खुणेवरून वस्तू शोधायची.

सदाफुली: तिथे किल्लीच बरी वाटते. किल्ली लावली की आतलं मिळतं.

खर्डेघाशी: माझा एक प्रश्न राहिलाच. गुण सारखे असताना आमच्या यादीत ज्ञानदा जोत्स्नाच्या लगेच खाली आली. हजेरीपटावर ‘ज्ञ’ अगदी शेवटी असतो.

ओसरी: संगणकासाठी ज्ञ म्हणजे ज, हलन्ताची खूण आणि ञ. म्हणून तो ज मध्येच पडतो, तोही ‘जो’च्या नंतर, कारण हलन्ताचा क्रमांक ओकाराच्या पुढचा आहे. क्ष सुद्धा तसाच क मध्ये जातो. हजेरीपटासारखं हवं असेल तर नावासाठी वेगळा निकष लिहावा लागेल.

अडकित्ता: पण सगळे कोश तरी ज्ञ शेवटी कुठे देतात? काहींत तो ज मध्येच सापडतो. आधी ‘अकारविल्हे’ म्हणजे नेमकं काय, ते ठरवायला हवं.