मदत हवी आहे: श्रावण पाळता आला नाही

लातूरच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम आहे, वय ४३. सोयाबीनच्या सीझनात डोकं भणभणायचं, म्हणून रात्री एक नाइन्टी घ्यायला लागलो. तीन वर्षांत तिची क्वार्टर कधी झाली, कळलंच नाही. नाइन्टीने आता काहीच होत नाही. तरी हिशोब कधी चुकला नाही, म्हणून मी स्वतःला बेवडा समजत नव्हतो.

गेल्या वर्षी श्रावण सहज पाळला. यंदा दुसऱ्याच दिवशी सकाळी पावती फाडताना हात थरथरला, दरदरून घाम आला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. संध्याकाळी दोन घोट घेतले अन् हात थांबला. त्या थांबण्याचीच जास्त भीती वाटली.

डॉक्टर म्हणाले, एकदम बंद करू नका, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. गोळ्या देऊन, नजरेखाली सोडवू. भरती व्हा म्हणतात.

कुणी सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात असं केलंय का? किती दिवस ठेवतात? घरी राहून, रोज दाखवून जमतं का? बायकोला अजून फक्त ‘ॲसिडिटी’ सांगितलीय. तिला कसं सांगितलंत, तेही लिहा.