मदत हवी आहे: वाक्यात लिहिलेल्या घरखर्चाचा महिन्याचा तक्ता कसा बनवायचा?

औसा_रोड
बायकोनं घरखर्च वहीत लिहून दिलाय, त्याचा प्रवर्गवार तक्ता करायलोय पण बेरीजच जमना गेली. जसं लिहिलंय तसंच टाकतो:

किराणा साडेसहा हजार. ज्वारी-गहू त्यात नाही, ते एकदाच भरतो, १८ हजाराचं. दूध रोज दीड लिटर, ६० रुपये लिटर. भाजी शनिवारच्या बाजारातून पाचशेची. सिलिंडर ९०० चं, दीड महिना जातं. लाईट बिल उन्हाळ्यात दोन हजार, नाहीतर हजार. पोरांची फी ३६,०००. विमा ४,५००. पेट्रोल आठवड्यातून दोनदा तीनशेचं. उन्हाळ्यात टँकर, ६०० चा. भिशी पाच हजार. गावाकडं आईला तीन हजार.

एक्सेलमध्ये सगळं टाकलं तर एकूण ७६,७९० येतंय. टँकर धरलाच नाही तरी! पगार ४२,०००. कुठं चुकतंय? आज रात्रीच पाहिजे.

मांजराकाठ
बेरीज बरोबर आहे, पण एकत्र करू नयेत असे आकडे एकत्र झालेत. दुधाचे ९० एका दिवसाचे आहेत, भाजीचे ५०० आठवड्याचे आणि धान्याचे १८,००० वर्षाचे. पेट्रोलचेही एकदाच ३०० धरलेले दिसतात. आधी एवढं सांगा: फी दोघांची मिळून का? विमा किती महिन्यांनी? टँकर किती आठवडे? लाईट बिल जास्त येतं ते किती महिने?

नाथसागर
एवढा खटाटोप कशाला, भाऊ. पगार झाला की पाच पाकिटं करा: किराणा, दूध, शाळा, पेट्रोल, बाकी. पाकीट संपलं की खर्च बंद. तक्त्याची गरजच पडत नाही.

औसा_रोड
पाकिटं नकोत, तक्ताच पाहिजे. फी दोघांची मिळून वर्षाची, दोन हप्त्यांत. विमा तीन महिन्याला. टँकर एप्रिल ते जून, दर आठवड्याला एक. बिल मार्च ते जून जास्त.

सेलूकर
सोपं आहे. रोजचं असेल तर ३० ने गुणा, आठवड्याचं असेल तर ४ ने, वर्षाचं असेल तर १२ ने भागा. झालं.

मांजराकाठ
सेलूकर, वर्षाचं बरोबर, पण आठवड्याला ४ धरले की दरवर्षी ४ आठवडे गळतात, कारण वर्षात ५२ असतात, ४८ नाही. इथं भाजी ५०० आणि पेट्रोल ६०० आठवड्याला आहे, म्हणजे ४,४०० रुपयांचा खर्च कागदावर येतच नाही. पाच शनिवार पडलेल्या महिन्यात नेमकी तीच ओढाताण होते.

भाऊ, गुणायचं की भागायचं हे प्रत्येक ओळीला वेगळं ठरवू नका, त्यातच गोंधळ होतो. पाच रकाने करा: प्रवर्ग, बाब, एका वेळची रक्कम, वर्षातून किती वेळा, महिन्याला. शेवटच्या रकान्यात सगळीकडं एकच सूत्र:

```
=ROUND(C2*D2/12,0)
```

'किती वेळा' हाच खरा रकाना. महिन्याचं असेल तर १२, रोजचं ३६५, आठवड्याचं ५२. दीड महिन्याचं सिलिंडर वर्षात ८. एका बाबीचे दोन दर असतील तर दोन ओळी करा, सरासरीचा अंदाज नको. तुमच्या लाईट बिलाच्या दोन ओळी होतील: २,००० चार वेळा, १,००० आठ वेळा.

| प्रवर्ग | बाब | एका वेळी | वर्षातून | महिन्याला |
|---|---|---|---|---|
| खाणं | किराणा | ६,५०० | १२ | ६,५०० |
| खाणं | ज्वारी-गहू | १८,००० | १ | १,५०० |
| खाणं | दूध | ९० | ३६५ | २,७३८ |
| खाणं | भाजी | ५०० | ५२ | २,१६७ |
| वीज-पाणी-गॅस | सिलिंडर | ९०० | ८ | ६०० |
| वीज-पाणी-गॅस | बिल, उन्हाळा | २,००० | ४ | ६६७ |
| वीज-पाणी-गॅस | बिल, इतर | १,००० | ८ | ६६७ |
| वीज-पाणी-गॅस | टँकर | ६०० | १३ | ६५० |
| शिक्षण | फी | १८,००० | २ | ३,००० |
| प्रवास | पेट्रोल | ३०० | १०४ | २,६०० |
| विमा | हप्ता | ४,५०० | ४ | १,५०० |
| कुटुंब | आईला | ३,००० | १२ | ३,००० |
| बचत | भिशी | ५,००० | १२ | ५,००० |

प्रवर्गांची बेरीज शेजारी करा. G रकान्यात प्रवर्गाचं नाव एकेकदा लिहा आणि पुढं हे टाका:

```
=SUMIF(A:A,G2,E:E)
```

खाणं १२,९०५, वीज-पाणी-गॅस २,५८४, शिक्षण ३,०००, प्रवास २,६००, विमा १,५००, कुटुंब ३,०००. खर्च २५,५८९. भिशी धरून ३०,५८९. पगारातून ११,४११ उरायला पाहिजेत.

बार्शी_नाका
सोयाबीनवाल्यांनी काय करायचं? पैसा दिवाळीच्या आसपास एकदाच येतो, महिन्याला कुठून आणायचा?

मांजराकाठ
बी-खत, फवारणी, मजुरी यांचा हिशेब वेगळ्या पानावर ठेवा, घरखर्चात मिसळू नका. तो वजा करून जे राहील ते १२ ने भागा, ते घराचं महिन्याचं उत्पन्न. बाकी तक्ता हाच.

औसा_रोड
माझ्याकडं सिलिंडर आणि विम्यासमोर #VALUE! येतंय. त्या दोन ओळी काढून बघितलं तर प्रवर्गांची बेरीज खालच्या एकूणपेक्षा २,१६७ नं कमी येतेय.

परभणी_ताई
दादा, रकमेच्या चौकोनात '९०० रु.' असं लिहिलं असणार. अक्षर आलं की एक्सेल त्याला आकडा मानत नाही, मग गुणाकार होत नाही. नुसतं 900 लिहा. २,१६७ म्हणजे तुमची भाजी. तिच्या प्रवर्गात 'खाणं'च्या ऐवजी 'खाणे' पडलंय का बघा, किंवा शब्दापुढं मोकळी जागा राहिली असेल. डोळ्याला एकच दिसतं, पण SUMIF ती ओळ सोडून देतं. प्रवर्गांची बेरीज आणि रकान्याची बेरीज जुळते का, एवढं प्रत्येक वेळी बघत जा.

सेलूकर
पण बिलाचं १६,००० भागिले १२ म्हणजे १,३३३ होतं. तुमच्या दोन ओळींचे १,३३४ झाले.

मांजराकाठ
बरोबर पकडलंत. प्रत्येक ओळ आधी पूर्णांक केल्यामुळे रुपयाचा फरक पडतो. ROUND काढलं तर हा फरक जातो, पण मग डोळ्यासमोरच्या आकड्यांची हातानं बेरीज केली की कधी कधी जुळत नाही. घरी वहीशी ताडून बघायचं असेल तर ROUND राहू द्या.

नाथसागर
भिशी बचतीत कशी? पगारातून पाच हजार जातात म्हणजे खर्चच. ती बंद करून बँकेत आरडी काढा.

परभणी_ताई
भिशी बंद करा हे कोणी विचारलंच नाही. ते पैसे परत येतात म्हणून बचत. मात्र नंबर लागेल त्या महिन्यात ती रक्कम उत्पन्नात लिहू नका, नाहीतर आपलेच पैसे दोनदा मोजले जातील. लिलावाची भिशी असेल तर जेवढे सोडून उचलले तेवढी तूट खर्चात.

नाथसागर
लिलावाच्या भिशीत आधी उचलणाऱ्याला ते कर्जच असतं. त्याला बचत म्हणणं मला पटत नाही.

औसा_रोड
'खाणे'च होतं, बदललं. रुपयेही काढले. आता जुळलं, ३०,५८९. पण ११ हजार उरत नाहीत हो, वीस तारखेलाच खिसा रिकामा होतो.

मांजराकाठ
मग ते वहीत लिहिलेलंच नाही. औषधं, कपडे, लग्नातले आहेर, सणवार, घरपट्टी, गाडीची सर्व्हिसिंग, मोबाईल, यातलं एकही तुमच्या यादीत नाही. 'न लिहिलेला खर्च' अशी ओळ करून सध्या ११,४११ तिथंच ठेवा. एकेक बाब आठवेल तशी वेगळी ओळ काढा आणि तेवढे त्यातून कमी करा.

औसा_रोड
मोबाईल दोन आहेत, २९९ चे, महिन्याचे.

परभणी_ताई
महिन्याचे का २८ दिवसांचे?

औसा_रोड
२८ दिवसांचे.

परभणी_ताई
मग वर्षातून १३ वेळा. रक्कम ५९८, महिन्याला ६४८. न लिहिलेल्यात राहिले १०,७६३.

औसा_रोड
आहेराचं ती उद्या सांगतो म्हणाली. लग्नसराई झाली की एकदम आठवतं तिला.