फार्माकोव्हिजिलन्समधल्या ताईंशी वीस मिनिटं बोलायचंय, काय विचारू?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बी.फार्म. होऊन दीड वर्ष झालं. सध्या नाशिकला एका केमिस्टकडे रजिस्टर्ड फार्मासिस्ट म्हणून बसते. पीव्हीत, म्हणजे औषधांचे दुष्परिणाम नोंदवून तपासण्याच्या कामात, जायचं मनात आहे. वहिनीच्या ओळखीच्या एक ताई पुण्यात तीन वर्षं केस प्रोसेसिंगला आहेत, त्यांनी रविवारी सकाळी फोनवर वीस मिनिटं द्यायचं कबूल केलंय. मी प्रश्न लिहायला बसले आणि अठरा झाले. स्कोप आहे का, पगार किती, कामाचं स्वरूप कसं, कोर्स करू का, इंग्रजी कितपत लागतं, वगैरे. यातले कोणते ठेवू आणि कोणते काढू?

बापू_७७
ताई, घाबरू नका. स्वतःची ओळख दीड मिनिटात पाठ करा. ॲडव्हर्स इव्हेंट आणि ॲडव्हर्स रिॲक्शन यातला फरक हमखास विचारतात. फॉर्मल कपडे घाला आणि जॉइनिंग कधी करू शकता ते तयार ठेवा. ऑल द बेस्ट.

गोदाकाठ
बापू, इंटरव्ह्यू नाहीये हो. प्रश्न मी विचारायचे आहेत, त्यांनी नाही.

नीरजा_द
अठरातले तेरा काढून टाक. वीस मिनिटांत पाच प्रश्नांच्या वर जात नाही, कारण चांगल्या प्रश्नाचं उत्तर तीन मिनिटं चालतं आणि त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो.

पहिला काढायचा तो 'स्कोप'. त्याचं उत्तर "हो, आहे की" एवढंच येतं. तीन वर्षं केसेस करणाऱ्या माणसाला स्वतःची टीम दिसते, सगळं क्षेत्र दिसत नाही. तेच असं विचार: "गेल्या वर्षभरात तुमच्या टीममध्ये जे फ्रेशर्स आले, ते कुठून आले?" ताई आठवून सांगतील की दोघी कॅम्पसमधून आल्या, एकजण हॉस्पिटलमधून आला, एकजण कोर्स करून. तुझा 'कोर्स करू का' हा प्रश्नही यातच सुटतो. कोर्सवाला एकही नसेल तर फीचे पैसे वाचले. दोघे-तिघे असतील तर लगेच विचार की कोर्समधलं काय त्यांना कामावर उपयोगी पडलं आणि काय पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं.

'कामाचं स्वरूप' विचारलंस तर कंपनीच्या वेबसाइटवरचा परिच्छेद ऐकायला मिळेल. त्याऐवजी "शुक्रवारी लॉगिन केल्यावर पहिली केस कसली होती, आणि संध्याकाळपर्यंत किती झाल्या?" असं विचार. औषधाचं किंवा क्लायंटचं नाव मात्र विचारायचं नाही. त्यांनी गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते, आणि तू ते विचारलंस की पुढची सगळी उत्तरं आखडतात. "नावं नकोत, फक्त प्रकार सांगा" असं सुरुवातीलाच म्हणून टाक, समोरचा माणूस सैल होतो.

आकडा आला की तो कशाचा आहे ते विचार. डॉक्टरांकडून चार ओळीत आलेली नॉन-सीरियस केस आणि दीडशे पानांच्या हॉस्पिटल रेकॉर्डसह आलेली केस, दोन्हींना टार्गेटमध्ये एकच धरतात का? रोजच्या कामाचा ताण या एका उत्तरात कळतो.

झणझणीत
एवढं कशाला? सरळ सीव्ही आधी व्हॉट्सॲप करून ठेव आणि शेवटी "रेफर कराल का" विचार. कंपन्या रेफरलचे पैसे देतात, कोणी नाही म्हणत नाही. बाकी पीव्हीचं काम म्हणजे केस आली की पंधरा दिवसांत सरकारी नियामकाकडे पाठवायची, त्यात विचारण्यासारखं फार काही नाही.

नीरजा_द
रेफरलचं अर्धं बरोबर आहे. बऱ्याच ठिकाणी बोनस असतो आणि लोक आनंदाने करतात. पण सीव्ही आधी आला की ताई तो एचआरला फॉरवर्ड करतील आणि त्यांच्या लेखी काम संपेल. मग रविवारची वीस मिनिटं "पाठवलाय, बघू" यातच जातील.

पंधरा दिवसांचं सरसकट नाही. ती मुदत सीरियस केसेसची. नॉन-सीरियसला वेळ जास्त असतो, युरोपात ९० दिवस. उलट क्लिनिकल ट्रायलमध्ये अनपेक्षित आणि मृत्यू किंवा जिवावर बेतणारी रिॲक्शन असेल तर पहिली खबर सातच दिवसांत द्यावी लागते. आणि हे सगळे कॅलेंडरचे दिवस आहेत, शनिवार-रविवार धरून.

गोदाकाठ, यातूनच तुझा तिसरा प्रश्न निघतो. "सुट्ट्या मिळतात का" असं विचारू नकोस. "दिवाळीत आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टीम कशी बसते?" असं विचार. रोटा कसा लागतो, नवख्यांना कोणते दिवस येतात, परदेशी क्लायंटसाठी उशिराची शिफ्ट असते का, हे सगळं त्या एका उत्तरात येतं.

डॉ_खडीसाखर
मी बीएएमएस. मलाही यायचंय. पण सगळे म्हणतात मेडिकल रिव्ह्यू एमबीबीएसलाच. खरं आहे का? माझा धागा वेगळा काढू की इथेच विचारू?

नीरजा_द
इथेच चालेल डॉक्टर. केस प्रोसेसिंगला बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस घेतात. मेडिकल रिव्ह्यूला पुष्कळ ठिकाणी एमबीबीएस किंवा एमडी मागतात, पण कंपनीगणिक बदलतं. म्हणून "मला घेतील का" असं विचारू नका, त्यावर कोणीही तोंडावर नाही म्हणत नाही. "तुमच्याकडे मेडिकल रिव्ह्यूवर आज कोणकोणत्या पदवीचे लोक आहेत?" असं विचारा.

मंजिरी_क्यूसी
मी क्वालिटी तपासते, त्या बाजूने एक प्रश्न सुचवते. माझ्या मते पाचांत हा असलाच पाहिजे: "नवख्या माणसाची केस परत कशामुळे येते?"

तो नुसता विचारू नकोस, एक केस हातात घेऊन विचार. काल्पनिक घे, म्हणजे गोपनीयतेचा प्रश्नच नाही. समज, ६२ वर्षांच्या बाईंना रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली. चौथ्या दिवशी चक्कर आली, न्हाणीघरात पडल्या, मनगटाचं हाड मोडलं, दोन दिवस ॲडमिट होत्या. शेजारणीने कंपनीला फोन केला, शुक्रवारी संध्याकाळी.

फोनच्या आधी तू स्वतः कागदावर लिही. इव्हेंट किती? चक्कर, पडणं आणि फ्रॅक्चर असे तीन. नवखा माणूस 'चक्कर येऊन पडल्या' असा एकच धरतो आणि केस परत येते. सीरियस कोणता? भरती करावी लागली की इव्हेंट सीरियस ठरतो, आणि भरती फ्रॅक्चरमुळे झाली. मग चक्करही सीरियस धरायची का? मुदत कधीपासून मोजायची? रुग्ण, कळवणारी व्यक्ती, संशयित औषध आणि त्रास हे चारही शुक्रवारीच मिळाले, म्हणून घड्याळ शुक्रवारपासून. सोमवारी कोणी फाइल उघडली तरी दोन-तीन दिवस गेलेलेच असतात.

हे ताईंना थोडक्यात सांग आणि विचार, "मी असं घेतलं, तुमच्याकडे काय घेतील?" कुठे चुकलीस ते त्या सांगतील, आणि त्या सांगण्यात आर्गस सॉफ्टवेअरमधली नोंद, मेड्रा शब्दसूचीनुसार कोडिंग, नॅरेटिव्हमधल्या तारखा जुळवणं हे रोजचं काम आपसूक येईल. चुकलीस तरी बिघडत नाही. "आमच्या कन्व्हेन्शनमध्ये असं नाही घेत" हे वाक्य आलं तर ते सर्वांत मोलाचं, पुढे "का?" एवढंच म्हण.

झणझणीत
चक्कर सीरियस धरायची नाही, उघड आहे. भरती हाडामुळे होती.

मंजिरी_क्यूसी
उघड नाही. काही ठिकाणी प्रत्येक इव्हेंटची सीरियसनेस वेगळी ठरवतात, मग तुमचं उत्तर येतं. पण पडण्याचं मूळ कारणच चक्कर असेल तर रिव्ह्यूअर तिलाही महत्त्वाची ठरवू शकतो. आमच्या टेबलावर यावर वाद होतात. म्हणूनच प्रश्न चांगला आहे.

गोदाकाठ
मंजिरीताई, हे मला जमेल असं वाटतं. पण पगार विचारूच नको का?

नीरजा_द
विचार, फक्त त्यांचा नको. "दीड-दोन वर्षं अनुभव असलेल्या माणसाला पुण्यात साधारण कुठल्या पट्ट्यात मिळतं?" असं, आणि पंधराव्या मिनिटाच्या सुमारास. आकडा आला की तो हातात येणारा की सीटीसी, आणि शिफ्टचा भत्ता त्यात धरलाय का, तेवढं विचारून थांब.

पाचवा प्रश्न पुढच्या वाटेचा. "केस प्रोसेसिंगमधून लोक पुढे कुठे जातात, आणि किती महिन्यांनी?" त्यांच्याबरोबर लागलेल्यांपैकी कोण ॲग्रिगेट रिपोर्टला गेलं, कोण सिग्नलला, कोण सोडून गेलं, असं माणसं धरून विचार. 'ग्रोथ' हा शब्द वापरू नकोस, गुळगुळीत उत्तर येतं.

एक मर्यादा लक्षात ठेव. तीन वर्षांच्या ताईंना रोजचं काम नीट माहीत असतं, पण माणसं कशी निवडतात ते नसतं. म्हणून शेवटचं मिनिट यासाठी राख: "नवख्यांना ट्रेनिंग देणाऱ्या किंवा इंटरव्ह्यू घेणाऱ्या कोणाशी दहा मिनिटं बोलता येईल का? तुमचं नाव सांगितलं तर चालेल ना?" दुसरं वाक्य विसरू नकोस. थेट डायरेक्टरकडे जाऊ नको, त्यांनी कित्येक वर्षांत स्वतः केस उघडलेली नसते.

मंजिरी_क्यूसी
आणि तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी कॅम्पसमधल्या मुलींकडे नसते, ती म्हणजे काउंटर. गिऱ्हाईक "या गोळीने अंगावर पुरळ आलं" म्हणतं तेव्हा ती केसच असते. भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा संशयित रिॲक्शनचा फॉर्म ipc.gov.in वर आहे, आणि फार्मासिस्टला तो भरता येतो. रविवारच्या आधी एकदा वाचून काढ. बॅच नंबर, औषध सुरू-बंद केल्याची तारीख, बंद केल्यावर त्रास गेला का, हे रकाने पाहिलेस की काउंटरवर काय विचारायचं राहून जातं ते कळेल. तेवढं वाचून गेलीस तर ताईंशी बोलायला विषय आपोआप मिळेल.

गोदाकाठ
आज दुपारीच एका काकांनी खोकल्याची तक्रार केली, रक्तदाबाच्या गोळीवर आहेत. तारीख विचारायची राहिली, उद्या परत येणार आहेत. ताईंना आधी मेसेज टाकू ना? असा लिहिलाय: "ताई, नमस्कार. रविवारी साडेदहाला फोन करते. मी केमिस्टकडे आहे, पीव्हीबद्दल समजून घ्यायचंय. एक काल्पनिक केस स्वतः सोडवून पाहिली आहे, ती तुम्हाला दाखवायची आहे. कंपनीचं किंवा औषधाचं काही विचारणार नाही."

नीरजा_द
छान आहे. "दहा पन्नासला ठेवते" एवढं घाल. आणि दहा पन्नासला खरंच ठेव, त्या बोलत राहिल्या तर गोष्ट वेगळी.

झणझणीत
आणि सीव्ही?

मंजिरी_क्यूसी
त्यांनी मागितला तर त्याच दिवशी. नाही मागितला तर माझ्या मते महिनाभर थांबावं, नीरजाचं मत वेगळं असू शकेल.

नीरजा_द
वेगळंच आहे, मी आठवड्याने पाठवेन. पण त्या काकांच्या खोकल्याचं आधी बघ. 'प्रिल'ने संपणाऱ्या गोळ्यांनी खोकला येऊ शकतो, म्हणून नाव तसं असेल तर उद्या सुरू केल्याची तारीख विचारल्याशिवाय सोडू नकोस.