फलकाच्या फोटोवरून रिचार्ज निवडताना दिवसाचा आणि जीबीचा हिशेब कसा करता?

धागाकर्ती: रिचार्जच्या दुकानाबाहेरील फलकाचा फोटो मी घरी आणला आणि वहीत आकडेमोड करत बसले. त्यावर २९९ रुपयांत २८ दिवस व रोज दीड जीबी, ३४९ रुपयांत २८ दिवस व रोज दोन जीबी आणि ८५९ रुपयांत ८४ दिवस व रोज दीड जीबी असे तीन पॅक होते. पहिल्याचा दिवसाचा खर्च १० रुपये ६८ पैसे, दुसऱ्याचा १२ रुपये ४६ पैसे आणि तिसऱ्याचा १० रुपये २३ पैसे निघाला. जीबीमागे मात्र अनुक्रमे ७.१२, ६.२३ आणि ६.८२ रुपये पडतात. एका मापाने तिसरा स्वस्त ठरतो, तर दुसऱ्या मापाने दुसरा. आपण अशा वेळी कोणते माप धरले आणि पुढे काय अनुभव आला, ते कृपया लिहावे.

हिशेबी: मी नेहमी जीबीचाच भाव पाहतो. आपण डेटा विकत घेतो, दिवस नव्हे. त्यामुळे ३४९ चा पॅक उघडच सरस आहे. शिवाय महिन्याला ५० रुपयेच जास्त, म्हणजे वर्षाला ६००.

जुना विक्रेता: मी बरीच वर्षे रिचार्ज विकले आहेत, म्हणून दोन दुरुस्त्या सुचवतो. २८ दिवसांचा पॅक वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा भरावा लागतो, कारण तेरा अठ्ठावीस म्हणजे ३६४. त्यामुळे फरक ६५० रुपयांचा होतो. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. रोजचा कोटा मध्यरात्री संपतो आणि उरलेला डेटा उद्याच्या खात्यात जात नाही, म्हणून फलकावरचा जीबीचा भाव सगळा डेटा वापरणाऱ्यालाच लागू पडतो. फोनच्या सेटिंगमध्ये मागील महिन्याचा मोबाईल डेटा पाहावा. तो रोज सरासरी ०.८ जीबी असेल, तर २८ दिवसांत २२.४ जीबी होतात. मग २९९ च्या पॅकमध्ये वापरलेला जीबी १३ रुपये ३५ पैशांना पडतो आणि ३४९ च्या पॅकमध्ये १५ रुपये ५८ पैशांना. जो कागदावर स्वस्त, तोच प्रत्यक्षात महाग! अर्थात सरासरी फसवीही असते: आठवडाभर अर्धा जीबी आणि रविवारी तीन जीबी लागत असतील, तर दीडचा कोटा नेमका रविवारीच अपुरा पडेल.

तेरा वेळा २९९ भरल्यास ३,८८७ रुपये होतात. चार वेळा ८५९ आणि एकदा २९९ भरल्यास तेवढ्याच ३६४ दिवसांना ३,७३५. बचत १५२ रुपयांची आहे, पण ८५९ रुपये एकदम हाताशी असावे लागतात.

दुसऱ्या सिमचा मालक: माझा प्रश्न थोडा निराळा आहे. माझे दुसरे सिम केवळ बँकेचे ओटीपी आणि येणारे फोन यांसाठी आहे. फलकावर १८९ रुपयांत २८ दिवस व एकूण दोन जीबी असा पॅक होता, म्हणजे जीबीला साडेचौऱ्याण्णव रुपये! आकडा पाहून मी तो जवळजवळ सोडलाच होता. परंतु घरी वायफाय असल्याने माझ्यासाठी दिवसाचे पावणेसात रुपये एवढेच खरे माप आहे.

धांदरट: माझी चूक गणिताची नव्हती, फोटोची होती. मी फलक तिरका टिपला आणि उजवी कड कापली गेली. ६९ रुपयांत सहा जीबी ही ओळ मला दिसली. जीबीला साडेअकरा रुपये म्हणून मी तो भरला. कापल्या गेलेल्या भागात, चालू पॅक संपेपर्यंतच, असे लिहिलेले होते. माझा मूळ पॅक दोन दिवसांनी संपला आणि चार जीबीहून अधिक डेटा त्याबरोबर गेला. अशा जोड-डेटाला स्वतःचे दिवस नसतात, म्हणून त्याचा दिवसाचा खर्च काढणेच निरर्थक आहे. आता मी चारही कडा येतील असा समोरून एक फोटो काढतो आणि तळाच्या तारांकित बारीक ओळीचा जवळून दुसरा. ‘रोज’ आणि ‘एकूण’ हे शब्द स्पष्ट वाचता आल्याशिवाय भागाकार करत नाही.

जुना विक्रेता: फलक कधीचा आहे, तेही पाहावे. जुलै २०२४ मध्ये दर वाढले, तरी कित्येक भिंतींवर जुनेच कागद राहिले होते. भरण्यापूर्वी कंपनीच्या ॲपमध्ये तीच रक्कम टाकून दिवस आणि डेटा जुळतो का, ते तपासावे.

हिशेबी: तेराचा मुद्दा मान्य. परंतु ३४९ च्या ओळीखाली ‘अमर्याद ५जी’ असेही छापलेले आहे आणि माझा फोन ५जी आहे. मग जीबीचा भाव कशाने भागून काढायचा?

धागाकर्ती: माझ्या फोटोत त्या ओळीपुढेही एक तारा दिसतो आहे, पण खालची टीप पुसट आली आहे. शिवाय घरात ५जी मिळते आणि कामाच्या ठिकाणी ४जीवरच राहावे लागते, तेव्हा कोट्यातून नेमके किती जाते, हे मला आठवडाभर नोंदी ठेवूनच कळेल. तोवर २९९ चाच पॅक भरते.