तरंगत्या पानचकत्या: आधी बुडायला हव्यात

> अर्ध्या चकत्या बुडतच नाहीत. मग मोजायचं काय?

या प्रयोगात प्रकाशसंश्लेषणाचा वेग मोजतात: पानाच्या चकत्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ग्लास दिव्याजवळ ठेवायचा, पानात ऑक्सिजन तयार झाला की चकत्या वर येतात. आधी त्या बुडतच नसतील, तर चूक बहुधा सिरिंजच्या टप्प्यावर होते. अर्धा लिटर पाण्यात 1 ग्रॅम खायचा सोडा आणि साबणद्रावाचा एकच थेंब घाला. फेस आला तर साबण जास्त झाला. पालकाच्या, जाड शिरा टाळून पाडलेल्या 10 चकत्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये द्रावणासह घ्या आणि आतली हवा काढून टाका. टोक बोटाने घट्ट दाबून दट्ट्या मागे ओढा, दहाएक सेकंद धरा. कडांतून बुडबुडे निघतील. आता बोट सोडा, म्हणजे द्रावण पानातल्या पोकळ्यांत शिरतं. चकती गडद, ओली दिसू लागली की काम झालं. दोन-तीनदा पुरे, फार ओढलं तर पेशी फाटतात.

मुलांना बदलायला एकच गोष्ट द्या, दिव्याचं अंतर. सगळ्या चकत्या वर येईपर्यंत थांबू नका (एखादी हटवादी असतेच), पाचवी कधी आली ते लिहा. समजा 15 सेंमीवर 6 मिनिटं आणि 30 सेंमीवर 13 लागली, तर 1/6 आणि 1/13 हे वेग म्हणून आलेखावर मांडा. दिवा तापणारा असेल तर मध्ये पाण्याचं सपाट भांडं ठेवा, नाहीतर तापमानही बदलतं. तुलनेसाठी एक ग्लास बिनसोड्याचा हवाच.