वाढदिवस विसरलेल्या मित्रमैत्रिणीला शुभेच्छा: तुमचे अनुभव

निवांत_दुपार: परवा माझ्या जुन्या मैत्रिणीचा वाढदिवस. माझा गेल्या महिन्यात झाला, तेव्हा तिचा फोनही नाही आणि मेसेजही नाही. सासऱ्यांचं ऑपरेशन होतं, दवाखान्याच्या चकरा चालल्या होत्या, हे मागाहून कळलं. राग नाहीये. पण लिहायला बसले की एखादं खवट वाक्य येतंच. तुमच्या बाबतीत असं झालं तेव्हा काय लिहिलंत, काय बोललात? घडलेलं सांगा, उपदेश नको.

कृष्णाकाठ: माझी कॉलेजची मैत्रीण अशीच विसरली होती. तिच्या वाढदिवसाला मी आधी लिहिलं, "मी नाही हं विसरले!" वाचलं आणि खोडलं. हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह लावलं तरी टोचणारच. मग दुसऱ्या टोकाला गेले. घरी केक पाठवू, जुन्या फोटोंची चित्रफीत करू. नवरा म्हणाला, "दरवर्षी करतेस का हे?" नव्हते करत. मग यंदाच कशाला? तिला लाज वाटावी म्हणूनच ना, हे मनातल्या मनात कबूल केलं नि केकही रद्द.

शेवटी नेहमीसारखा सकाळी, पोरं शाळेत गेल्यावर फोन केला. ग्रुपवर मुद्दाम काही टाकलं नाही, कारण तिथे कोणीतरी हमखास "अरे, हिचा तर आपण विसरलोच" म्हणतं आणि तिच्या दिवसाचा विचका होतो. बोलता बोलता तिलाच आठवलं, "अगं, तुझा होऊन गेला की!" मी म्हटलं, "हो, झाला मजेत, आईकडे पुरणपोळी खाल्ली. तुझा आज काय बेत?" इथेच खरी मेख आहे. "असू दे गं, काही वाटलं नाही मला" असं घोळवत बसलं की ती दहादा सॉरी म्हणते आणि तिच्याच वाढदिवशी आपणच तिची समजूत काढत बसतो.

साधा_माणूस: माझं मत, एक दिवस उशिरा शुभेच्छा द्याव्यात. म्हणजे समोरच्याला ओशाळं वाटत नाही, फिट्टंफाट.

कृष्णाकाठ: ओशाळं वाटू नये हे पटलं. पण आठवण असून मुद्दाम थांबायचं म्हणजे हिशेबच झाला की हो!

मास्तर_निवृत्त: आमच्या पिढीचा घोळ वेगळाच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिला. खरा जन्म पोळ्याच्या आसपासचा, आई तिथीनं ओवाळायची. मग १ जूनला फेसबुकवर शुभेच्छांचा पाऊस आणि खऱ्या दिवशी कोणी नाही. मला कसलं वाईट वाटणार, मीच त्या दिवशी पंचांग बघतो!

निवांत_दुपार: सर, विषय थोडा वेगळा होता, पण मजा आली. आणि एक लक्षात आलं. मी मागेच फेसबुक बंद केलंय, म्हणजे तिला आठवण करून देणारं उरलंच नव्हतं काही.

रात्रपाळी: मी जरा कडू बोलतो. माझा मित्र दरवर्षी विसरतो. एकदाच विसरला तर ऑपरेशन समजू शकतो, पण दरवर्षी? मी शुभेच्छा देतो, मनापासून देतो, आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटं खिडकीत उभा राहतो. तुमच्याकडे याला उत्तर असेल तर सांगा.

डोंबिवली_फास्ट: उत्तर नाही, आमचं काय झालं ते सांगते. माझी मैत्रीणही तारखांच्या बाबतीत ढ आहे. आता मी आदल्या आठवड्यातच सांगते, "गुरुवारी माझा वाढदिवस, संध्याकाळी भेळ खायला ये." ती येते, कधी तर गजरा घेऊन. परीक्षा घेणं मीच बंद केलं.

रात्रपाळी: सांगून मिळालेल्या शुभेच्छा मला नाही गोड लागत. असेल माझाच स्वभाव.

निवांत_दुपार: असा लिहिलाय मेसेज, बघा: "वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा गं! आज गॅलरीत पाऊस बघताना आपली राजमाचीची ती चिंब भिजलेली रात्र आठवली, आणि तू डब्यातून काढलेल्या त्या दगड झालेल्या चकल्या. सासरे आता बरे आहेत ना? खूप दिवस झाले, तुझा काही पत्ताच नाही."

कृष्णाकाठ: चकल्या झकास. शेवटचं वाक्य तेवढं काढ.

निवांत_दुपार: काढलं. सासऱ्यांचं राहू देते.